उसाचं बिल नोव्हेंबरच्या फीसाठी धरू नका

*ताई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. नवरा उद्यमबागेत मशीन शॉपला जातो, पगार २२ हजार, पण हातात पडतो ८ ते १० तारखेच्या दरम्यान. मी शिवणकाम करते. सगळं भागवून महिन्याला ६ हजार मागे पडतात. मुलगी आठवीला आणि मुलगा तिसरीला जाणार, दोघंही बेळगावात खाजगी शाळेत. दोघांची मिळून वर्षाची फी ७२ हजार. निम्मी १५ जूनपर्यंत, निम्मी १५ नोव्हेंबरपर्यंत. जूनमध्येच सगळी भरली तर चार टक्के सूट. उशीर झाला तर एका मुलामागे महिन्याला ५०० दंड, आणि एक दिवस उशीर झाला तरी पूर्ण महिना धरतात. यंदा शाळेनं एका फायनान्स कंपनीचं ॲप दिलंय. कंपनी सगळी फी शाळेला भरणार, आम्ही ५ जुलैपासून ७,२०० चे दहा हप्ते कंपनीला द्यायचे. व्याज नाही म्हणून सांगतात, फक्त प्रोसेसिंग फी दोन टक्के आणि वर जीएसटी. हप्ता परत गेला तर ५०० रुपये आणि थकलेल्या रकमेवर महिना दोन टक्के असं त्यांच्या कागदावर आहे. आमचे पिग्मीचे २८ हजार मेअखेर सुटतात. थोडा ऊस आहे, पण बिल जानेवारीत येईल की मार्चमध्ये ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरची फी त्या बिलाच्या भरवशावर ठेवली आणि दोन महिने दंड भरला. यंदा काय करू?*

*— एक आई, खानापूर तालुका*

ताई, सगळे आकडे आणि तारखा तुम्ही लिहिल्यात, त्यामुळे नेमकं सांगता येतं. मी एका पतसंस्थेत बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर काम केलं आहे. माझं मत असं आहे की यंदा फी टर्मप्रमाणे थेट शाळेत भरा, कंपनीचं ७२ हजारांचं कर्ज घेऊ नका. कर्ज फार महाग आहे म्हणून मी हे म्हणत नाही. त्याचा हप्ता तुमच्या पगाराच्या तारखेशी जुळत नाही, हे माझं खरं कारण आहे.

आधी ‘व्याज नाही’ याचा हिशोब करू. प्रोसेसिंग फी १,४४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५९ रुपये, म्हणजे १,६९९ रुपये तुमच्या खिशातून जाणार. हे व्याजच आहे, फक्त आधी घेतलेलं. ते किती टक्के पडतं हे बघायचं तर कर्ज खरं किती रकमेचं आणि किती दिवसांचं, ते आधी ठरवावं लागतं. कंपनी जूनमध्ये ७२ हजार भरणार, पण त्यातले ३६ हजार शाळा नाहीतरी नोव्हेंबरपर्यंत मागतच नव्हती. जुलै ते नोव्हेंबर तुम्ही पाच हप्ते दिलेत की ३६ हजार होतात, म्हणजे जूनची टर्म फिटली. पुढचे पाच हप्ते नोव्हेंबरच्या टर्मचे. तेव्हा तुमच्या दृष्टीनं कंपनी ३६ हजार दोनदा उसने देते, आणि दोन्ही वेळा ते पैसे सरासरी पावणेतीन महिनेच तुमच्याकडे राहतात. तेवढ्यासाठी १,६९९ रुपये म्हणजे वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास.

कंपनीच्या कागदावर मात्र हा आकडा पाच-साडेपाच टक्के दिसेल. त्यांनी खोटं लिहिलं असं नव्हे. त्यांचं गणित ७२ हजार जूनमध्येच दिले असं धरून होतं. शाळा निम्म्या फीसाठी पाच महिने फुकट थांबत होती, हे त्या गणितात येत नाही. चार टक्के सूटही येत नाही. एकरकमी भरणाऱ्याला फी ६९,१२० ला पडते, तुम्हाला हप्त्यांनी ७३,६९९ ला. त्या फरकावर दर काढला तर वर्षाला साडेचौदा टक्के होतात. म्हणून ॲपवर सही करण्याआधी शाळेला एक प्रश्न विचारायचा: कंपनीतर्फे जूनमध्ये पूर्ण फी आली तर चार टक्के सूट मला मिळते का? बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही, कारण पैसे आधी मिळावेत म्हणून शाळा त्यातूनच कंपनीला काही हिस्सा सोडते. पालकाला ‘बिनव्याजी’ सांगता येतं ते त्यामुळे.

दर साडेदहा म्हणा की साडेचौदा, सगळे हप्ते वेळेवर गेले तर आपल्याकडच्या सावकारी पैशापेक्षा हे स्वस्तच आहे. अडचण हप्ता चुकला की सुरू होते.

तुमचा हप्ता ५ तारखेला आणि पगार ८ ते १० ला. म्हणजे प्रत्येक हप्ता मागच्या महिन्याच्या शिलकीतून जायला हवा. त्यात हप्ता ७,२०० चा आणि मागे पडतात ६ हजार. दर महिन्याचे १,२०० पिग्मीच्या पैशातून काढावे लागतील, आणि ते पैसे हप्ता ज्या खात्यातून जातो त्याच खात्यात, हात न लावता ठेवावे लागतील. जुलै-ऑगस्टला हे जमतं. गणपती आले, दसरा आला, दिवाळीचं सामान आणलं, की नोव्हेंबरच्या ५ तारखेला खात्यात ७,२०० ऐवजी ५,९०० असतात. मशीनला १,३०० कमी की सगळेच कमी, याच्याशी घेणंदेणं नसतं. बँक अर्धा हप्ता काढत नाही, पूर्ण परत पाठवते. मग कंपनीचे ५०० लागतात. शिवाय तुमची स्वतःची बँकही परतीचा आकार लावते. तो बँकेनुसार कमीजास्त असतो, आपण २५० अधिक जीएसटी म्हणजे २९५ धरू. कंपनीच्या पत्रकात हा बँकेचा आकार कुठंच नसतो, त्यामुळे तो लोकांच्या हिशोबात येत नाही. झाले ७९५. पगार व्हायच्या आधी ७-८ तारखेला कंपनीनं हप्ता पुन्हा लावला आणि तोही परत गेला, तर आणखी ७९५. थकलेल्या रकमेवरचे दोन टक्के पाच दिवसांचे २४ रुपये, ती किरकोळ बाब. एकूण सोळाशेच्या वर गेले, उशीर पाच दिवसांचा. वर्षभराच्या प्रोसेसिंग फीएवढे पैसे एका महिन्यात. असं दोनदा झालं की ‘बिनव्याजी’ कर्जाचा दर तीस टक्क्यांच्या पुढं जातो.

एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही जातात. आणि बहुधा सकाळीच लावले जातात. ‘पाच तारखेला संध्याकाळी भरते’ हे चालत नाही, ४ तारखेच्या रात्री पैसे खात्यात हवेत.

पैशापलीकडचंही एक नुकसान आहे. उशीर किती दिवसांचा झाला हे कर्जदाराच्या सिबिलसारख्या अहवालात नोंदलं जातं, आणि त्या अहवालात महिन्यामहिन्याचा इतिहास दिसतो. कर्ज तुमच्या यजमानांच्या नावावर असणार. मुलगी आठवीत आहे. चार-पाच वर्षांनी इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेलात तर सहकर्जदार म्हणून तेच उभे राहतील. शाळेचा दंड भरला की तिथंच संपतो, तो कुठल्या अहवालात जात नाही.

पण शाळेचा दंडही स्वस्त समजू नका. दोन मुलांचे महिन्याला हजार रुपये, ३६ हजारांवर. वर्षाला तेहतीस टक्के होतात. तुमच्याकडे तर एक दिवसालाही महिना धरतात, म्हणजे १६ नोव्हेंबरला भरा की १४ डिसेंबरला, दंड तोच. गेल्या वर्षी दोन महिन्यांचे दोन हजार गेले. फी थकवून थांबणं हेसुद्धा कर्जच आहे, आणि या सगळ्यांत महागडं. तेव्हा ‘शाळेत काय, उशीर चालतो’ असं धरून चालू नका.

आता तुमच्या पैशांच्या तारखा बघू. मेअखेर पिग्मीचे २८ हजार. मे आणि जूनच्या पगारातून सहा-सहा हजार. म्हणजे १० जूनला हातात ४० हजार. त्यातले ३६ हजार १५ जूनच्या आत शाळेत भरा. उरलेले चार वह्यापुस्तकं, गणवेश आणि बसच्या पासला जातील, ते शिल्लक धरू नका. जुलै ते नोव्हेंबर पाच पगार, पाच गुणिले सहा म्हणजे ३० हजार. १० नोव्हेंबरला तुम्हाला कमी पडणार ते फक्त ६ हजार. ताई, ७२ हजारांचं कर्ज तुमच्या पुढ्यात ठेवलं गेलं, पण तुमची खरी नड ६ हजारांची आहे.

ही नड भरायला दोन वाटा मला दिसतात. पहिली तुमची स्वतःची. दसरा-दिवाळीला शिवणाची कामं वाढतात, ती नेमकी नोव्हेंबरच्या टर्मआधी. त्या दोन महिन्यांची जादा मजुरी आणि यजमानांना बोनस मिळत असेल तर त्यातला भाग याच कामाला ठेवा. तरीही कमी पडले तर तेवढ्याच रकमेचं छोटं कर्ज घ्या. पतसंस्थेत चौदा टक्क्यांनी सहा हजार दोन महिन्यांना घेतले तर व्याज १४० रुपये. फॉर्म आणि सभासदत्वाचा किरकोळ खर्च धरला तरी शाळेच्या हजारापेक्षा कितीतरी कमी. फीचे ३० हजार भरून ६ हजार मागे ठेवले तर शाळा पूर्ण दंड लावते की बाकीच्या रकमेपुरता, हे कारकुनांना आधीच विचारून ठेवा. बऱ्याच शाळा पूर्णच लावतात.

जुलैपासूनची बचत पुन्हा वर्षाच्या पिग्मीत टाकू नका. पिग्मीचा एजंट दारात येतो म्हणून पैसे साठतात, तिचा हा गुण मला मान्य आहे. पण वर्षाची पिग्मी पाचव्या महिन्यात मोडली तर व्याज जातं, काही संस्था तर वर कमिशनही कापतात. नोव्हेंबरला लागणारे पैसे नोव्हेंबरच्या आधी सुटणाऱ्या जागी हवेत. तुमच्या नावावर वेगळं बचत खातं ठेवा, एटीएम कार्ड घेऊ नका, आणि ११ तारखेला यजमानांच्या खात्यातून ६ हजार तिकडं वळवायचे. पिग्मी सुरू ठेवायचीच असेल तर डिसेंबरपासून, सहा महिन्यांची, म्हणजे ती पुढच्या जूनच्या आत सुटेल.

आता उसाचं. शुगरकेन कंट्रोल ऑर्डर, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं, आणि उशीर झाला तर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज. कायदा असा आहे, पण त्या चौदा दिवसांच्या भरवशावर मुलांच्या फीची तारीख धरू नका. आधी तोड कधी मिळते ते कळत नाही. मग बिलातून तोडणी-वाहतूक जाते, सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते परस्पर वळतं, आणि उरेल ते खात्यात. नोव्हेंबरच्या फीला हे पैसे कधीच वेळेत पोचत नाहीत, कारण नोव्हेंबरला तर गाळप नुकतं सुरू झालेलं असतं.

पण तेच बिल पुढच्या जूनसाठी धरलंत तर ते जानेवारीत आलं काय आणि मार्चमध्ये आलं काय, काही बिघडत नाही. जूनच्या आत येतंच. पगाराची बचत नोव्हेंबरला आणि ऊस जूनला, अशी जोडी लावली की दंडाचा प्रश्न मुळातच उरत नाही. शिवाय चार टक्के सवलतीची वाट मोकळी होते. चार टक्के सूट म्हणजे २,८८० रुपये, ऐकायला थोडे वाटतात. पण ते तुम्हाला कशाबद्दल मिळतात ते बघा. जूनचे ३६ हजार तुम्ही तसेही भरणारच होता. आधी भरायचे ते फक्त नोव्हेंबरचे, म्हणजे सूट वजा जाता ३३,१२० रुपये, पाच महिने आधी. पाच महिन्यांत त्यावर २,८८० वाचतात, म्हणजे वर्षाच्या हिशोबानं वीस टक्के. कुठल्याही बँकेच्या ठेवीला एवढं व्याज नाही. डिसेंबर ते जूनच्या पगारातले ४२ हजार होतील, त्यात उसाच्या बिलातले २७ हजारांच्या वर घातले की पुढच्या वर्षीची पूर्ण फी सवलतीसह निघते. बिल आल्याबरोबर तेवढी रक्कम मे अखेर सुटेल अशा मुदतठेवीत टाका, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कामाला ती वळणार नाही.

याच सवलतीसाठी यंदाच सोनं ठेवून पैसे उचलावेत का, असंही कुणी सुचवेल. हिशोबानं ते बसतं. दहा टक्क्यांनी घेतलेलं सोनेतारण कर्ज दरमहा सहा हजारांनी फेडत गेलात तर व्याज वजा जाता एकोणीसशेच्या आसपास वाचतीलही. पण एवढ्यासाठी दागिने गहाण ठेवावेत असं मी म्हणणार नाही. घरात अचानक आजारपण आलं तर तेच सोनं शेवटचा आधार असतं.

हप्त्यांची योजना ज्याच्या कामाची आहे तो पालक वेगळा. ज्याच्याकडे जूनमध्ये हातात काहीच नाही, पण दर महिन्याची ठराविक आवक हप्त्यापेक्षा जास्त आहे आणि पगार १ तारखेला होतो, त्यानं ती घ्यायला हरकत नाही. तुमच्याकडेही मे-जूनमध्ये काही अडलं आणि घ्यावीच लागली, तर पूर्ण वर्षाची घेऊ नका. फक्त जूनच्या टर्मची, ३६ हजारांची, मागा. आणि हप्त्याची तारीख ५ ऐवजी १२ किंवा १५ करून मागा. ही तारीख कर्ज देण्याआधी बदलून मिळण्याची शक्यता असते, सही झाल्यावर फार अवघड.

सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद मागायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाला तो द्यावाच लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात वार्षिक दर, सगळे आकार आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं, आणि त्यात नसलेला आकार तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. हप्ता चुकला तर काय लागेल ते त्या वार्षिक दरात धरलेलं नसतं, वेगळं लिहिलेलं असतं. ते आधी वाचा. आपल्या भागासाठी महत्त्वाचं म्हणजे हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. इंग्रजी किंवा कन्नड प्रत समजत नसेल तर मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचा नियम.

एक खूण सांगते. शाळाच महिन्याला पैसे घेते आणि ॲप फक्त गोळा करतं, अशाही योजना असतात, त्या कर्ज नव्हेत. पण पॅन कार्ड मागितलं, सिबिल बघायची परवानगी घेतली, ओटीपीनं करारावर सही करून घेतली, की ते कर्ज आहे असं समजा. मग वर्षाच्या मध्यात शाळा बदलली तरी हप्ते थांबत नाहीत. फी परत मिळवायचं भांडण शाळेशी आणि हप्ते कंपनीला, अशी दोन्हीकडून ओढ होते. बँकेत जाऊन हप्त्याची परवानगी रद्द केली तरी कर्ज तसंच राहतं, उलट थकबाकी म्हणून दिसू लागतं.

फी थोडी राहिली म्हणून मुलांना वर्गाबाहेर काढतील ही भीती तुमच्या मनात असेलच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मानसिक त्रास देता येत नाही. तुमची दोन्ही मुलं यात बसतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, आणि बेळगावात अशा शाळा बऱ्याच आहेत. तुमची शाळा त्यातली आहे का ते बघून घ्या. लागू असेल तर तक्रार बीईओ ऑफिसला करता येते. फीची बाकी मात्र कायद्यानं माफ होत नाही, ती द्यावीच लागते.

आणि शाळेला एक अर्ज मे महिन्यातच द्या, नोव्हेंबरची वाट बघू नका. मुख्याध्यापकांच्या नावानं, चार ओळींचा: जूनची ३६ हजार फी वेळेत भरते, नोव्हेंबरची ३० हजार १५ तारखेच्या आत आणि उरलेली ६ हजार १५ जानेवारीपर्यंत भरायला परवानगी द्यावी, या काळात दंड लावू नये. कंपनीला हिस्सा सोडायला तयार असलेल्या शाळेला सहा हजारांसाठी दोन महिने थांबणं जड नाही, हे तोंडी सांगायला हरकत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. मंजुरी दिली तर ती लेखी मागा, कारण नोव्हेंबरला काउंटरवर दुसराच माणूस असू शकतो आणि संगणकात दंड आपोआप चढलेला असतो. परवानगी नाकारली तरी तुमचं फार काही जात नाही, तुमच्याकडे सहा हजार जमवायला तेव्हापासून सहा महिने असतील.